रसगुल्ला पाकात फुटतो? मळण्याआधी छेन्यातलं पाणी तपासा

चवथ जवळ आली की फोंड्याच्या आमच्या वाड्यात नेवऱ्या आणि पातोळ्या ठरलेल्या असतात. हल्ली त्यांच्या जोडीला कुणीतरी हौसेने रसगुल्ले करायला घेतं आणि दुपारी मला फोन येतो. मी ऑर्डरीचे रसगुल्ले करते, त्यामुळे फोनवर काय ऐकायला मिळणार ते आता पाठ झालं आहे. "ताई, दहा मिनिटं घड्याळ लावून मळलं, तरी फुटले." म्हणजे दोष आला की पहिलं बोट मळण्याकडे जातं. मळणं महत्त्वाचं आहेच. पण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत बहुतेक वेळा बिघाड मळण्याच्या आधी झालेला असतो, छेन्यात पाणी किती उरलं तिथे. पाणी चुकलं असेल तर मळणं वाढवून तो दोष जात नाही, उलट त्यात दुसरा दोष मिसळतो.

म्हणून आधी लक्षण नीट ओळखा. मग तपासणी फुकटातल्या गोष्टीपासून सुरू करा. दूध बदलणं सगळ्यात शेवटी.

लक्षणं

- गोळा वळतानाच त्याच्यावर बारीक रेषा दिसतात, कडेला खरबरीत राहतं.
- वळताना गुळगुळीत असतो, पण पाकात पडल्यावर सरळ एका रेषेत उकलतो.
- पाकात कणाकणाने सुटतो, पाक दुधाळ होतो, तळाशी चुरा बसतो.
- फुटत नाही, पण चपटा होऊन बसतो.
- छान फुगतो, गॅस बंद केला की आवळतो आणि चावताना रबरासारखा लागतो.

पहिल्या दोन लक्षणांत छेना बहुधा कोरडा असतो किंवा दाणा मोडलेला नसतो. तिसऱ्या आणि चौथ्यात तो ओला असतो, नाहीतर जास्त मळून तूप सुटलेलं असतं. पाचवं लक्षण पाकाचं, आंबटाचं किंवा दुधाचं. ही वाटणी शंभर टक्के बिनचूक नाही, पण कुठून सुरुवात करायची ते यावरून कळतं.

पहिली तपासणी: वळलेले गोळे आणि डोक्यावरचा पंखा

हिला काही खर्च नाही. वळून ठेवलेला गोळा उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून बघा. जी रेषा आत्ता दिसते तीच पाकात उघडते. गोळा तापला की आतल्या पाण्याची वाफ होते, ती छेन्याचं जाळं ताणते आणि त्यामुळे रसगुल्ला फुगतो. त्या जाळ्यात आधीच फट असेल तर वाफ तिथूनच बाहेर पडते. म्हणून वळताना आधी दोन तळव्यांत जरा दाबून फिरवायचं आणि मग हात हळूहळू सैल सोडायचा. शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत तळवा नुसता टेकलेला हवा. रेषा राहिली तर गोळा मोडून पुन्हा वळा. वरून पाण्याचं बोट फिरवून रेषा बुजवू नका, ती पाकात हमखास उघडते.

आकार सोललेल्या सुपारीएवढा किंवा किंचित मोठा ठेवा. शिजून तो जवळजवळ दुप्पट होतो. मोठ्या गोळ्याचा गाभा शिजेपर्यंत बाहेरचा भाग ताणून थकतो.

दुसरी गोष्ट पंख्याची. आपल्याकडे स्वयंपाकघरात पंख्याशिवाय उभं राहवत नाही हे खरं, पण वळलेले गोळे पंख्याखाली उघडे राहिले की दहा-पंधरा मिनिटांत वरची साल सुकते. हाताला ते लगेच कळत नाही, पाकात कळतं. ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं वर झाका आणि पाक उकळायला ठेवल्यावरच वळायला बसा.

दुसरी तपासणी: एक गोळा आधी टाकून बघा

छोट्या पातेल्यात दोन वाट्या पाणी आणि अर्धी वाटी साखर खळखळून उकळा, त्यात एकच गोळा टाका आणि झाकण ठेवून पाच मिनिटं थांबा. यात जाईल तो एक गोळा, पण बाकीचे वाचतात. तो उकलला तर उरलेला छेना अजून तुमच्या हातात असतो आणि दुरुस्त करता येतो. सगळे एकदम टाकल्यावर हाती काही उरत नाही. ही पायरी लोक वगळतात, कारण आधीच उशीर झालेला असतो. मी मात्र अजूनही प्रत्येक घाण्याला हा एक गोळा टाकते, कारण दूध रोज सारखं नसतं.

तिसरी तपासणी: छेन्यातलं पाणी

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

निथळलेला छेना फडक्यातून काढला की मळायच्या आधी एक चिमूट अंगठा आणि तर्जनीत दाबा. बोटांमध्ये पाणी दिसलं तर तो ओला आहे. चिमूट दाबली जाऊन तिचे कोरडे पापुद्रे पडले तर तो जास्त निथळला आहे. दाबल्यावर चपटी वडी झाली, कडा थोड्या तडकल्या आणि बोटं नुसती दमट झाली, की बरोबर. मग मूठभर छेना घट्ट आवळा. थेंब पडता कामा नये, तळहात ओलसर लागला पाहिजे.

वजनकाटा असेल तर आणखी सोपं. एक लिटर गायीच्या दुधाचा मळायला तयार छेना साधारण १६० ते १९० ग्रॅम भरतो. दूध किती सकस आहे त्यावर आकडा थोडा हलतो. पण दोनशेच्या बराच वर गेला तर त्यात पाणी आहे, आणि दीडशेच्या खाली आला तर पाणी जास्त गेलंय किंवा दूध पातळ होतं, असं मी धरते.

आता एक प्रत्यक्ष घडलेलं. साखळीच्या एका वहिनींचे रसगुल्ले दर वेळी फुटायचे आणि गंमत म्हणजे एकाच घाण्यातले काही उकलायचे, काही विरघळायचे. कोरड्याचं आणि ओल्याचं लक्षण एकत्र. मी विचारलं, "वहिनी, छेना टांगता कुठे?" त्या म्हणाल्या, "हॉलमध्ये पंख्याखाली, पावसात लवकर सुकत नाही म्हणून. तीन तास तरी ठेवते." तिथेच उत्तर मिळालं. पुरचुंडी पंख्याखाली टांगली की बाहेरचा थर वाळतो आणि मधलं पाणी मधेच अडकतं. फडकं उघडून पाहिलं तर कडेचा छेना पिवळसर आणि टणक, मधला पांढरा आणि लिबलिबीत. असा छेना कितीही मळला तरी कडेचे टणक दाणे पूर्ण मोडत नाहीत. ज्या गोळ्यात ते आले तो उकलतो, ज्यात मधला भाग जास्त आला तो सुटतो.

त्यावर केलं ते एवढंच. पुरचुंडी सिंकच्या नळाला टांगायची, पंखा नाही. वीस मिनिटांनी फडकं उघडून छेना उलटसुलट करून पुन्हा बांधायचा, म्हणजे कडेचा आत जातो आणि आतला कडेला येतो. आणखी वीस-पंचवीस मिनिटांनी काढायचा. एकूण पाऊण तास. त्या दिवशी लिटरभराचा छेना १७५ ग्रॅम भरला, चौदा गोळे झाले आणि एकही उकलला नाही. दूध तेच आणि मळणारे हातही तेच होते.

रात्रभर टांगायचा सल्ला आपल्या हवेत मुळीच पाळू नका. पाऊस असो की मे महिना, गोव्यात रात्रभर बाहेर राहिलेला छेना सकाळी आंबुस होतो, आणि तो वास वेलचीनेही झाकत नाही.

छेना ओला निघाला तर परत फडक्यात बांधून परातीत ठेवा, वर ताट आणि ताटावर पाण्याने भरलेला तांब्या, दहा मिनिटं. कोरडा निघाला तर चहाचा एक चमचा पाणी शिंपडून पाच मिनिटं झाकून ठेवा आणि मग मळा. एकदम जास्त पाणी घालू नका, ते नीट आत शिरत नाही. ओल्या छेन्यात चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घातलं तर गोळा धरतो, हे मान्य. हलवाईही थोडं घालतात. पण लिटरला एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा जास्त गेलं की रसगुल्ला चावताना पिठूळ लागतो आणि ती जाळी येत नाही.

चौथी तपासणी: मळणं

लिटरभराच्या छेन्याला आठ ते दहा मिनिटं, हा आकडा ढोबळ आहे. घड्याळापेक्षा हाताला काय लागतं ते धरा. परातीत छेना घ्या आणि तळहाताच्या टाचेने पुढे घासत न्या, गोळा करा, पुन्हा घासा. बोटांनी कणकेसारखं तिंबू नका, त्याने दाणा मोडत नाही. पहिली तीन-चार मिनिटं परातीला दाणे खरखरतात. मग आवाज कमी होतो, छेना परातीला पसरून चिकटतो आणि पुढे हळूहळू परत सुटायला लागतो. तळव्यावर किंचित चकाकी आली की हात थांबवा. तिथून पुढच्या दीड-दोन मिनिटांत बिघडतं.

बिघडतं ते असं. छेन्यातलं तूप प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेलं असतं. मळून जाळं एकसारखं होतं, हे हवं असतं. पण अति घासलं की हाताच्या उबेने तूप वितळून बाहेर येतं, परात तेलकट होते. असा गोळा वळताना इतका गुळगुळीत दिसतो की फसायला होतं, आणि पाकात चपटा होतो किंवा सुटतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ही वेळ लवकर येते, म्हणून उन्हाळ्यात मी सकाळी मळते आणि सहाव्या मिनिटापासूनच तळवा बघायला लागते. मिक्सरमध्ये फिरवायचं असेल तर दोन-तीन सेकंदांचे झटके, तेही दाणा मोडण्यापुरते. भांडं गरम झालं की तूप सुटलंच.

पुरतं मळून झालं का ते बघायला हरभऱ्याएवढी गोळी वळा आणि बोटाने हळूच दाबा. कडा न फाटता चपटी झाली तर झालं. फाटली तर आणखी मिनिटभर.

तूप सुटलेला छेना परत आणता येत नाही. थोडंच सुटलं असेल तर पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून, न घासता नुसता गोळा करून बघावा. परात चकचकीत झाली असेल तर रसगुल्ल्याचा नाद सोडा आणि साखर घालून मंद आचेवर परतून त्याचा संदेश करा.

पाचवी तपासणी: पाक आणि आच

लाडवांच्या सवयीने लोक पाकाची तार बघतात. रसगुल्ल्याच्या पाकाला तार नकोच. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. लिटरभराच्या छेन्यासाठी दीड वाटी साखर आणि सहा वाट्या पाणी, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम आणि दीड लिटर. पाक दाट असला तर तो गोळ्यातलं पाणी बाहेर ओढतो, आत वाफ पुरत नाही आणि रसगुल्ला आवळून रबरी होतो. उकळताना पाणी उडून पाक आपोआप दाट होत जातो. म्हणून शेजारच्या शेगडीवर गरम पाणी तयार ठेवा आणि दर चार-पाच मिनिटांनी अर्धी वाटी कडेने सोडा. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते.

पातेलं रुंद घ्या. गोळे दुप्पट होणार हे धरून तळाला निम्मी जागा मोकळी राहिली पाहिजे. दाटीवाटीत ते एकमेकांवर दाबून चपटे होतात. पाक खळखळून उकळत असताना एकेक गोळा कडेने सोडा, लगेच झाकण लावा आणि पहिली पाच मिनिटं ते उघडू नका. आच मोठीच. वर फेस चढला पाहिजे, गोळे त्या फेसातच फुगतात. नुसत्या मंद गुळगुळण्यात वाफेचा जोर पुरत नाही आणि ते बसके राहतात. डाव घालून ढवळू नका. फडक्याने पातेल्याचे कान धरून एकदा हलकं गोल फिरवलं की पुरे.

एकूण पंधरा मिनिटांच्या आसपास एक काढून गार पाण्याच्या पेल्यात टाका. बुडाला तर शिजला. तरंगला तर आणखी दोन-तीन मिनिटं. बोटाने दाबून सोडल्यावर त्याने मूळचा आकार घ्यायला हवा. गॅस बंद केल्यावर सगळे थोडे बसतात, त्याने घाबरू नका. पण गरम रसगुल्ले सरळ फ्रिजमध्ये ठेवलेत तर आतली वाफ एकदम निवते आणि ते आवळतात. पाकातच निवू द्या. हा पाक अळणी वाटेल. गोडी हवी तर एक वाटी साखर आणि दोन वाट्या पाण्याचा वेगळा पाक करून, तो कोमट असताना त्यात चार-पाच तास मुरत ठेवा. त्यानंतर फ्रिज, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचे.

सहावी तपासणी: आंबट

इथून पुढे नवा छेना करावा लागतो, म्हणून ही तपासणी मागे ठेवली. दूध उकळलं की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं ढवळत थांबा. रटरटत्या दुधात आंबट घातलं की छेना टणक येतो आणि तो टणकपणा मळून जात नाही. लिंबाचा दोन मोठे चमचे रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडाथोडा घाला. निवळी हिरवट-पिवळी आणि स्वच्छ दिसली की तिथेच थांबा, रस उरला तरी चालेल. लगेच दोन पेले गार पाणी ओता आणि फडक्यात गाळून वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या. गार पाण्याने छेना आणखी घट्ट व्हायचा थांबतो आणि आंबट निघून जातं.

आपल्या घरात माडाच्या सुरेचं व्हिनेगर असतं आणि ते वापरायचा मोह होतो. दूध त्याने फाटतंच, पण प्रत्येक बाटलीचा आंबटपणा वेगळा आणि वासही उग्र. शागुतीत तो छान लागतो, छेन्यात धुऊनही मागे राहतो. लिंबूच बरं.

सातवी तपासणी: दूध

गायीचं दूध सगळ्यात चांगलं. पिशवीचं घेत असाल तर पिशवीवर वाचा. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ आणि फुल क्रीममध्ये ६. फुल क्रीमच्या छेन्यातून तूप लवकर सुटतं. होमोजिनाइज्ड लिहिलेलं असेल तर छेना मऊ पण अशक्त येतो, गोळा धरायला त्रास देतो. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या खोक्यातल्या दुधाच्या नादी लागू नका, ते इतकं तापवलेलं असतं की छेना नीट जमतच नाही. म्हशीचंच मिळत असेल तर साय काढा आणि लिटरला पाव लिटर पाणी मिसळून मग फाडा. त्याचा छेना मुळात टणक असतो, पाण्याने तो थोडा मऊ येतो. गायीच्या दुधासारखा मात्र होत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाक मोठ्या आचेवरही खळखळत नसेल आणि ज्योत पिवळी, काजळी धरणारी असेल, तर बर्नर गार झाल्यावर त्याची भोकं सुईने साफ करून बघा. तरीही ज्योत निळी होत नसेल तर नोझल किंवा रेग्युलेटर उघडू नका, गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवा. गॅसचा वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करा.

नेहमीचंच दूध दुप्पट लिंबाने फाटत नसेल, किंवा फाटल्यावर छेना ओढल्यासारखा चिवट येत असेल, तर त्या दुधावर पुढचे प्रयोग करू नका. दूध नासू नये म्हणून कुणी सोडा घातला असेल तर आंबट जास्त लागतं. पण घरच्या स्वयंपाकघरात ते खात्रीने सिद्ध होत नाही. दुसरीकडचं दूध आणून एक घाणा करा. तो नीट झाला आणि संशय कायम राहिला, तर तक्रार राज्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे करायची, दूधवाल्याशी दारात भांडून काही निघत नाही.

आणि घरात पन्नास-साठ माणसं जेवायला असतील तर रसगुल्ले हलवायाकडूनच आणा. घरच्या शेगडीवर मोठ्या पातेल्याला खळखळ उकळी धरत नाही, लहान पातेल्यात पाच-सहा घाणे काढावे लागतात, आणि शेवटच्या घाण्याची पाळी येईपर्यंत त्याचा छेना सुकलेला असतो.